धूसर फोटोतल्या प्रश्नातले आकडे आणि युनिट चुकतात, गणित सुरू करायच्या आधी हे बघा

लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. रात्री नऊनंतर माझ्या व्हॉट्सॲपवर फोटोच फोटो. पेपरचा फोटो, फोटोचा स्क्रीनशॉट, स्क्रीनशॉटचा परत कुणीतरी दुसऱ्या मोबाईलनं काढलेला फोटो, आणि खाली एकच ओळ, "सर उत्तर येईना गेलंय, बघा की." आधी मी पोरांची गणितं तपासत बसायचो, सूत्र बघ, गुणाकार बघ, आणि अर्ध्या तासानं कळायचं की गणितात काहीच चूक नाही, फोटोतून आकडाच चुकीचा उतरवलाय. हे इतक्यांदा झालं की आता मी गणिताकडं बघतच नाही, आधी विचारतो की दिलेलं काय काय लिहिलंस ते पाठव. तेच सगळं इथं लिहून ठेवतो म्हणजे दर वेळी टाइप करायला नको.

लक्षणं, म्हणजे चूक वाचण्यात आहे हे कसं ओळखायचं

सगळ्यात पक्कं लक्षण म्हणजे उत्तराचे आकडे बरोबर पण दहाच्या घाताचा फरक. उत्तर 0.4 पाहिजे आणि तुझं 40 येतंय, किंवा बरोब्बर हजार पटीनं चुकतंय. गुणाकार चुकला तर असं सहसा होत नाही, तिथं 0.4 च्या जागी 0.37 किंवा 0.52 असलं काहीतरी येतं. बरोबर दहाच्या पटीत चुकलं म्हणजे घातांक, दशांश चिन्ह नाहीतर युनिटच्या आधीचं अक्षर, या तिघांपैकी एकानं घोळ घातलाय.

चार पटीचा फरक आला तर बहुतेक वेळा व्यास आणि त्रिज्येची अदलाबदल असते, कारण क्षेत्रफळात वर्ग येतो. आणि दोघा मित्रांनी एकाच फॉरवर्ड फोटोवरून सोडवलं, दोघांची पद्धत एकच आणि उत्तरं वेगळी, तर भांडत बसू नका, दोघांनी आकडे वेगळे वाचलेत.

एक लक्षण मात्र फसवं आहे. उत्तर ऑप्शनमध्ये सापडलं म्हणजे आकडे बरोबर वाचले असं अजिबात नाही. याचं उदाहरण खाली देतोच.

ज्या प्रश्नावरून हे लिहायलोय तो

औसा तालुक्यातली एक पोरगी, गावाकडून रात्री साडेदहाला फोटो पाठवला. मैत्रिणीकडून आलेला टेस्ट सिरीजचा पेपर, पिवळ्या बल्बखाली काढलेला, पान वाकडं. मला झूम करून जे दिसलं ते असं:

```
36. Steel wire, length 2.0 m, area 1.0 × 10⁻? m²
    Load 4 kg, Y = 2.0 × 10¹¹ N/m², g = 10 m/s²
    Elongation = ?
    (A) 0.04 mm  (B) 0.4 mm  (C) 4 mm  (D) 40 mm
```

क्षेत्रफळातल्या दहाच्या डोक्यावर उणे चिन्ह होतं आणि पुढं एक काळा ठिपका, 6 म्हणा, 8 म्हणा, 5 म्हणा. तिनं 8 घेतला आणि उत्तर आलं 40 मिमी. मी म्हटलं, "आठ कामून घेतलास गं?" तर म्हणाली, "सर, ऑप्शन डी मध्ये आहे ना 40, मग आठच असेल."

आता बघा, 5 घेतला तर 0.04 मिमी, 6 घेतला तर 0.4, 7 घेतला तर 4, 8 घेतला तर 40. चारही ऑप्शन भरले! पेपर काढणारा काय येडा नसतो, पोरं कुठं कुठं घसरतात हे त्याला पाठ असतं आणि त्याच जागी तो ऑप्शन ठेवतो. म्हणून उत्तरावरून उलटं जाऊन आकडा ठरवायचा नाही. आकडा आधी ठरला पाहिजे, तोही फोटोतून नाहीतर फिजिक्समधून.

पहिली तपासणी: फोटो मूळचा आहे का

याला पैसे लागत नाहीत आणि निम्मे प्रश्न इथंच सुटतात. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना तो दाबून छोटा करतं. यात मोठी अक्षरं वाचतात, पण बारीक रेघा आणि ठिपके जातात, आणि आपल्या कामाचं सगळं तर तिथंच असतं, घातांक, उणे चिन्ह, दशांश चिन्ह. दोनदा-तीनदा स्क्रीनशॉट काढून परत पाठवला की दहाच्या डोक्यावर नुसती माशी बसल्यासारखं दिसतं. म्हणून मैत्रिणीला सांगायचं की तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, जोडायच्या चिन्हावर जाऊन गॅलरी न निवडता डॉक्युमेंट निवड. तसा पाठवला की फाइल आहे तशी येते.

पेपर हातातच असेल तर फोटो परत काढा, पण नीट. पोरं काय करतात, बारीक दिसावं म्हणून मोबाईल कागदाला पार चिकटवतात. मोबाईलच्या मेन कॅमेऱ्याला एवढ्या जवळचं फोकसच होत नाही, अजून धूसर येतं. वीतभर लांब धरा, दोन पट झूम करा, कोपरं टेबलावर टेकवा, स्क्रीनवर त्या घातांकावरच बोट टेकवून फोकस घ्या. लेन्स आधी शर्टाला पुसा, हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण आहे. आणि लाइट गेलेली असेल तर मोबाईलचा टॉर्च समोरून मारू नका, गुळगुळीत कागदावर चमक येते, दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च बाजूनं धरा.

दुसरी: फोटो कसा बिघडलाय ते बघा

हे फार कमी जण करतात, पण मला सगळ्यात कामाचं वाटतं. फोटोत एखादा पूर्णविराम शोधा, वाक्याच्या शेवटचा, आणि झूम करून बघा त्याचं काय झालंय. गोल पण पसरट दिसतोय तर फोकस गेलाय. लांबोळका झालाय तर हात हललाय, आणि ज्या दिशेनं लांबला त्या दिशेनं हललाय.

याचा उपयोग असा की हात वर-खाली हलला असेल तर आडव्या बारीक रेघा पुसल्या जातात, म्हणजे उणे चिन्ह गायब झालेलं असू शकतं, आणि 10⁻³ तुम्हाला 10³ दिसणार. हात आडवा हलला असेल तर उणे चिन्ह टिकतं पण 1 फिका पडतो आणि ठिपका शेजारच्या आकड्याला चिकटतो, म्हणजे दशांश चिन्हावर संशय घ्यायचा. फोटो वर-खाली हललेला आहे आणि पाण्याची घनता 10³ दिसतीय तर काही काळजी नाही, ती तेवढीच असते. पण तारेचं क्षेत्रफळ 10⁶ चौरस मीटर दिसलं तर ते शंभर हेक्टर होतंय राव, तिथं उणे चिन्ह पुसलंय हे नक्की.

स्कॅनर ॲपमधलं काळं-पांढरं करायचं फिल्टर इथं लावू नका. पान छान स्वच्छ दिसतं पण ते फिल्टर फिका ठिपका सरळ पांढरा करून टाकतं, 2.5 चं 25 होतं, आणि वाईट म्हणजे मग संशय घ्यायलाही काही उरत नाही. ग्रे ठेवा, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, बास. तसंच फोनमधून मजकूर कॉपी केला तर वर चढवलेले आकडे खाली उतरतात, 10⁻⁶ चं `10-6` होतं नाहीतर `106` होतं, m² चं `m2` होतं. शब्द कॉपी करा हवं तर, आकडे मात्र डोळ्यानं बघून हातानंच उतरवा.

तिसरी: जसंच्या तसं उतरवा आणि संशयाला प्रश्नचिन्ह द्या

वहीत दिलेली प्रत्येक राशी एका ओळीत लिहायची, आकडा, घात आणि युनिट तिन्ही एकदम, पेपरात छापलंय तसंच. इथं रूपांतर करायचं नाही. सेमीचे मीटर करायची घाई झालेली असते आणि नंतर चूक वाचण्यात झाली का रूपांतरात हे शोधताच येत नाही. आणि जे पक्कं दिसलं नाही तिथं मनानं आकडा टाकायचा नाही, पुढं प्रश्नचिन्ह आणि जेवढ्या शक्यता असतील तेवढ्या लिहायच्या. त्या पोरीला मी हेच करायला लावलं:

```
L = 2.0 m            पक्कं
A = 1.0 × 10⁻? m²    5 / 6 / 8 ?
m = 4 kg             पक्कं
Y = 2.0 × 10¹¹ N/m²  पक्कं
g = 10 m/s²          पक्कं
```

हे लिहिल्यावर कळतं की अडचण पूर्ण प्रश्नाची नाहीच, एका ठिपक्याची आहे. लिहिताना शब्दही बघा, diameter लिहिलंय का radius, आणि "वाढली" लिहिलंय का "पर्यंत वाढली". आकडे वाचायच्या नादात शब्द सुटतात.

चौथी: त्याच पानावर तसाच आकडा शोधा

एका पेपरात सहसा टाइप एकच असतो. म्हणजे 6, 8, 5 हे आकडे त्याच फोटोत दुसरीकडं कुठंतरी स्वच्छ आलेले असणार, प्रश्नाचा नंबर, पान नंबर, ऑप्शन. ते शेजारी ठेवून बघायचं. 5 ला वर सरळ आडवी रेघ आणि डाव्या बाजूला कोपरा असतो. 6 ला वर उघडी शेपटी आणि खाली बंद गोल असतो, म्हणून धूसर झाला तरी खालचा भाग वरच्यापेक्षा काळा दिसतो. 8 वर-खाली सारखाच काळा दिसतो. आमच्या फोटोतला ठिपका खाली जास्त काळा होता, म्हणजे कल 6 कडं. पण नुसत्या कलावर उत्तर द्यायचं नसतं.

दशांश चिन्ह आहे का धूळ आहे, हे पण असंच कळतं. छपाईत ठिपका आपली जागा घेतो, म्हणून 2.5 मध्ये दोन आकड्यांमधलं अंतर 25 पेक्षा जास्त असतं. ठिपका पूर्ण पुसला गेला तरी ती फट राहते. आणि खरा ठिपका ओळीच्या तळाशी बसतो, मध्येच अधांतरी असेल तर तो माशीचा, नाहीतर चहाचा. तसंच 30 च्या पुढं छोटं गोल वर चढलेलं असेल तर ते अंश, 300 नाही. आणि ओहमचं चिन्ह धूसर झालं की शून्यासारखं दिसतं, 10 Ω चे 100 करून बसलेली पोरं मी दर वर्षी बघतो.

मराठी मीडियमच्या पोरांना एक वेगळाच त्रास. पेपरात थोडे आकडे मराठी, थोडे इंग्रजी. धूसर फोटोत मराठी एक हा इंग्रजी 9 वाटतो, मराठी चार इंग्रजी 8 वाटतो. त्यामुळं आधी ठरवा की त्या ओळीत बाकीचे आकडे कोणत्या लिपीतले आहेत, मग वाचा.

पाचवी: युनिट त्या राशीला शोभतंय का

इथं कधीकधी फोटोचा दोष नसतोच, छपाईचा असतो. टेस्ट सिरीजचे पेपर टाइप करताना ग्रीक अक्षरं एका वेगळ्या फॉन्टमधून घेतात, सिम्बॉल नावाचा. ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली आणि फॉन्ट लागला नाही की μ च्या जागी m छापून येतो, Ω च्या जागी W, θ च्या जागी q, λ च्या जागी l. म्हणजे पेपरात सरळ दिसतंय रेझिस्टन्स 5 W, आणि पोरगं म्हणतं सर हे तर वॅट आहे, पॉवर दिलीय. नाही बाळा, रेझिस्टन्स म्हटलंय ना, मग तो ओहमच. हे सोपं, कारण युनिटच जुळत नाही. अवघड आहे ते कपॅसिटरचं, 10 mF छापलंय, मिलिफॅरड पण खरंच असतं. तिथं पानावर बाकी ग्रीक अक्षरं कशी आलीत ते बघायचं. कुठंच θ दिसत नाही आणि कोनाला q म्हटलंय, तर फॉन्ट उडालाय, आणि तो m खरं म्हणजे μ आहे. हजार पटीचा फरक एका अक्षरानं, आणि फोटो कितीही स्वच्छ काढला तरी दिसणार नाही.

सहावी: असली वस्तू जगात असते का

ही सगळ्यात शेवटी ठेवतो कारण याला फिजिक्सचा अंदाज लागतो, आणि चुकीच्या अंदाजानं उलटं नुकसान होतं. आपल्या तारेकडं परत या. 10⁻⁶ चौरस मीटर म्हणजे बरोबर एक चौरस मिलिमीटर. घरात लाइट फिटिंग करताना वायरमन "एक एमएमची वायर आण" म्हणतो ना, तो आतल्या तांब्याच्या याच क्षेत्रफळाबद्दल बोलत असतो. म्हणजे 6 असेल तर तार ओळखीची आहे.

8 असेल तर त्याचा शंभरावा भाग, व्यास साधारण 0.11 मिमी, जवळपास केसासारखी. तिला चार किलो लटकवायचे? चाळीस न्यूटन भागिले 10⁻⁸, म्हणजे 4 × 10⁹ N/m² ताण. साधं स्टील त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच तुटतं. तार तुटणार, मग वाढणार काय? 8 बाद. हे मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे सर डी ऑप्शन खोटाच हाय."

पण आता नीट ऐका. 5 बाद होत नाही! 10⁻⁵ म्हणजे दहा चौरस मिमी, व्यास साडेतीन मिमीच्या वर थोडा, चांगली जाड सळईवजा तार. तिला चार किलो लटकवले तर काही बिघडत नाही, 0.04 मिमी वाढेल, आणि तो ऑप्शन ए आहे. फिजिक्स 5 आणि 6 मध्ये निवड करून देत नाही, दोन्ही तारा बाजारात मिळतात. ठिपक्याचा आकार 6 कडं झुकतोय, पण तेवढ्यावर मी 6 म्हणून सांगितलं असतं तर तो तुक्का झाला असता. तिनं मैत्रिणीकडून फोटो डॉक्युमेंट म्हणून परत मागवला, त्यात 6 स्वच्छ दिसला, आणि मग गणित सुरू केलं. उत्तर 0.4 मिमी, दोन मिनिटांत.

कुठं थांबायचं

दोन वाचनं उरली, दोन्ही फिजिक्सला चालतात आणि मूळ फोटो मिळत नाही, तिथं थांबा. अजून झूम करून काही होत नाही, जे फोटोत आलंच नाही ते डोळे फाडून दिसणार नाही, आणि फोटो शार्प करणारी ॲप तर स्वतःच्या मनानं कडा काढून देतात, 6 चा झक्कास 8 करून देतील. प्रश्न एनसीईआरटीचा वाटत असेल तर ती पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, बोर्डाची बालभारतीच्या साइटवर आहेत, तिथं मूळ प्रश्न शोधा. फक्त आकडे बदललेले असू शकतात हे लक्षात ठेवा, टेस्ट सिरीजवाले प्रश्न तोच ठेवून आकडे फिरवतात. बाकी सगळे आकडे जुळले तरच तिथला घातांक उचला.

तेही नाही झालं तर ज्यांनी पेपर काढलाय त्या सरांनाच विचारा. छपाईचा संशय असेल, ते m आणि μ चं, तर सरळ सरांकडंच जा, कारण तिथं मित्राच्या पेपरातही तेच छापलेलं असणार. आणि परीक्षा हॉलमध्येच छपाई फिकी आली असेल तर आपण ठरवत बसू नका, हात वर करा आणि पेपर बदलून मागा.

एक गोष्ट मात्र वेगळी. वहीतला प्रश्न नसून फोटो औषधाच्या चिठ्ठीचा असेल, मिग्रॅ आहे का मायक्रोग्रॅम, किंवा मोटारीच्या पाटीवरचा व्होल्टेज असेल, तर वरचं काहीही लावू नका. सहावी तपासणी तर मुळीच नको. डॉक्टरांना नाहीतर मेडिकलवाल्याला मूळ चिठ्ठी दाखवा, मोटारीसाठी वायरमनला बोलवा.

आणि सरांना विचारताना "सर हा प्रश्न येईना" असं पाठवू नका, रात्री अकराला त्याला कुणी उत्तर देत नाही, मी पण देत नाही. असं लिहा: "सर, प्रश्न 36, तारेच्या क्षेत्रफळाचा घातांक उणे 5 आहे का उणे 6? बाकी सगळं वाचलंय." याला सर चालता चालता एका अंकात उत्तर देतात.